वडूजच्या फिटरचं स्पॅनिश

साताऱ्यात स्पॅनिश शिकवते म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "येतं कोण?" त्या वर्षी वडूजचा एक फिटर यायचा. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला. तिथे स्पेनहून पॅकिंगचं मशीन आलं होतं. प्रशिक्षणाला एकाच माणसाला तिकडे पाठवणार होते आणि निवड स्पेनमधला इंजिनिअर व्हिडिओ कॉलवर करणार होता.

कामात पटाईत गडी, पण वाक्य उलटं. झाकण उघडतो म्हणायचं तर "यो ला तापा आब्रो". क्रियापद मराठीसारखं शेवटी. "अहो, 'यो'नंतर लगेच 'आब्रो'. झाकण मग!" मशीनचा आवाज म्हणायचा तर "माकिना दे रुइदो". आपला 'चा' मशीनला मागून चिकटतो. त्यांचा 'दे' मशीनच्या आधी येतो, आणि आवाज त्याच्याही आधी: "एल रुइदो दे ला माकिना". हा म्हणत होता ते आवाजाचं मशीन झालं. 'तेलावर अवलंबून' म्हणताना 'वर' आहे म्हणून 'सोब्रे' घालायचा. तिथे 'वर' नाहीच, "देपेंदे दे" असं क्रियापदासकटच पाठ करावं लागतं.

मी रोज सांगायचे, शब्दाचं शेपूट सोडवा, शब्दाच्या आधी ठेवा, मग बोला.

"लय सोपं हाय की मॅडम. पण बोलाय लागलं की जुनंच येतंय."

माझं डोकं फिरायचं. चुकलं की तिथेच थांबवायचे, टेबलावर बोट आपटून. पालथ्या घड्यावर पाणी, असं त्याच्या तोंडावरही म्हणाले. दोन महिन्यांत त्याला एक वाक्य सलग पुरं करू दिलं नसेन.

कॉलच्या दिवशी तो म्हणाला, "तुमी बाजूला बसा, धीर येतो." कारखान्याच्या मीटिंगच्या खोलीत मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले. इंजिनिअरने विचारलं, मशीन वाजायला लागलं तर आधी काय बघता?

"एल रुइदो दे..." तो थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. बरोबर होतं. मी मान हलवली. "ला माकिना..." पुन्हा थांबला. "देपेंदे देल..." 'दे' आणि 'एल' मिळून 'देल', तेही बरोबर. पुन्हा माझ्याकडे. तेलाचा शब्द तोंडात येईपर्यंत इंजिनिअरने स्वतःच वाक्य पुरं केलं, आणि आभार मानून पुढचा माणूस बोलावला.

तो पुढचा फोनवर बघून शिकलेला. त्याचं प्रत्येक क्रियापद शेवटी जात होतं, शेपटं नको तिथे लागत होती. पण तो थांबत नव्हता. इंजिनिअर हसत होता, परत विचारत होता आणि समजून घेत होता. त्यालाच घेतलं.

मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. बाहेर व्हरांड्यात माझा फिटर उभा होता.

"कुठं चुकलो, मॅडम?"

"कुठेच नाही. सगळं बरोबर होतं."



"मग शिकवताना एकदा तरी हे म्हणायचं हुतं."