चाव्यांचा बोर्ड

शिर्डीतल्या एका लॉजवर मी खोल्या झाडते, चादरी बदलते आन् लोकं विसरून गेलेल्या वस्तू काउंटरवर नेऊन देते. माझं नाव मुक्ताबाई. तोंडानं फटकळ हाय, समदे टरकून असत्यात. पन आमचे मॅनेजर राधाकृष्ण भाऊ, त्यांच्यापुढं माझं तोंड कधी सुटलं न्हाई. एकदाच सुटलं, आन् त्याचं मला अजून वाईट वाटतं.

भाऊ पुणतांब्याचे. रोज मोटरसायकलवर येनार, मफलर काढून खुंटीला लावनार आन् बिनसाखरेचा चहा पिऊन काउंटरला बसनार. काळे केस पांढरे झाले ते त्याच खुर्चीत. त्यांच्या पाठीमागं भिंतीला लाकडी बोर्ड, त्याला खिळे आन् खिळ्यांना खोल्यांच्या चाव्या. चावी लटकलेली असली की खोली रिकामी. येनारा मानूस आधी बोर्डाकडं बघायचा, मग दर विचारायचा. कोनी खोली हाय का म्हनून विचारलं की भाऊ म्हनायचे, "मला काय विचारता, बोर्ड बघा."

फोनवर बोर्ड दिसत न्हाई, म्हनून फोनवर भाऊंचा शब्द. "आहे, या," म्हनले की मानसं गाडीत बसायची. "नाही, आज येऊ नका, म्हातारं माणूस बरोबर असेल तर मुळीच येऊ नका," असं म्हनले की ती थांबायची आन् गर्दी सरल्यावर आमच्याकडंच यायची. आमचे मालक कल्याणशेठ चरफडायचे, दारात आलेली लक्ष्मी हा मानूस वाटेतनंच माघारी लावतो म्हनून. पन नेहमीची गिऱ्हाइकं भाऊंच्या नावावर येत्यात हे शेठना पक्कं ठाऊक हुतं.

मग शेठचा जावई पार्थ पुण्याहून आला आन् त्यानं लॉजचं बुकिंग मोबाईलवर आनलं. त्यात वाईट काय न्हाई. मी पन माझ्या मोबाईलवर उघडून बघितलं. पहिल्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत, पलंगावर बसून.

वर लाल घड्याळ, उलटं पळनारं. हा दर संपायला नऊ मिनिटं उरली म्हनं. खाली लिहिलेलं, फक्त एकच खोली शिल्लक. त्याच्या खाली, आत्ता चौदा जन ही खोली बघत्यात. मी आजूबाजूला बघितलं. खोलीत मी आन् माझी केरसुनी. हट्टानं बसून ऱ्हायले, घड्याळ शून्यावर गेलं. पान बंद करून परत उघडलं तर पुन्हा नऊ मिनिटं, दर तोच, आन् चौदाचे एकोनीस झालेले. त्या मजल्यावर त्या दिवशी एक बी मानूस उतरलेला नव्हता.

पुढची गंमत पैसे भरताना. पहिल्या पानावर नऊशे नव्व्यान्नव. नाव, नंबर समदं भरून मानूस शेवटच्या पानावर पोचला की तिथं सुविधा शुल्क, सेवा शुल्क आन् कोनी न मागता टिक केलेला नाश्ता. टिक काढायला गेलं की बारीक अक्षरात यायचं, 'नको, आम्ही उपाशीच फिरू.' आता लेकरं घेऊन निघालेली बाई असल्या वाक्यावर बोट कसं ठेवील?

भाऊंनी पार्थला विचारलं, "अहो, निम्मं लॉज रिकामं असताना एकच खोली उरली असं कसं लिहिता?"

पार्थ हसला. "काका, माणूस विचार करत बसला की निसटतो. त्याला बसू द्यायचं नाही. सगळेच करतात हो."

भाऊंनी पावत्यांचं पुस्तक पुढं ओढलं. मला वाटलं हुतं ते भांडतील. पन साठीला टेकलेल्या मानसाला दुसरं काउंटर कोन देनार, हा घोर त्यांच्या तोंडावर दिसत हुता.

आठवड्याभरात भांडनं सुरू झाली. एक जन बायकापोरं घेऊन घाईघाईनं आला, शेवटची खोली मिळाली म्हनून खूश. काउंटरपाशी उभा ऱ्हायला, आन् समोर बोर्डावर चाव्याच चाव्या. त्यो एकदा मोबाईल बघतो, एकदा बोर्ड. "ही शेवटची खोली का?" म्हनला. भाऊंनी त्याच्यापुढं नोंदवही सरकवली. मग त्यानं जास्तीच्या पैशाचा हिशेब मागितला आन् ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करतो म्हनून धमकी दिली.

कल्याणशेठला झाली गोष्ट कळली तर त्यांनी काय करावं? घड्याळ काढायचं सोडून त्यांनी चाव्या काढायला लावल्या. "बोर्डावर एक चावी ठेवा, बाकीच्या ड्रॉवरमध्ये टाका. दिसतं म्हणून लोक भांडतात."

भाऊंनी चाव्या काढल्या. मी पायरी पुशीत हुते. एकेक चावी खिळ्यावरनं निघत हुती आन् ड्रॉवरमध्ये पडत हुती. त्या दिवसापास्नं भाऊंचं जेवन कमी झालं. डबा तसाच घरी जायचा. फोन वाजला की दचकायचे. आधी फोन उचलून "आहे, या," म्हनायचे, आता शेठनं शिकवलेलं बोलायचे, "मोबाईलवर बघा, तिथं दिसेल."

श्रीगोंद्याच्या नीलांबरीताई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. शाळेत शिकवत्यात. सासूबाईंना घेऊन येत्यात, म्हातारीला साखरेचं दुखनं, इंजेक्शन वेळेवर लागतं, जिना चढवत न्हाई. भाऊ त्यांच्यासाठी खालची खोली धरून ठेवायचे. त्या दिवाळीनंतर आल्या त्या मोबाईलवर बुकिंग करून. दुपारी गरम पानी मागायला त्या मागच्या बाजूला आल्या, तर मी खोल्यांची दारं सताड उघडी टाकून गाद्या उन्हाला लावत हुते. ओळीनं समद्या रिकाम्या. त्या दारादारातनं बघत गेल्या. मी आपली गादी झटकत ऱ्हायले.

जाताना काउंटरवर त्या एवढंच म्हनल्या, "भाऊ, शेवटची खोली म्हणून मी वर्गातून बाहेर येऊन पैसे भरले हो. मुलं तशीच सोडून." ताई आरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग डिसेंबरचा शेवट आला. नाताळाच्या सुट्टीत शिर्डीत मुंगीला वाट मिळत न्हाई. आमचं लॉज खरंच भरलं. गच्चीवर सुद्धा मानसं पथाऱ्या टाकून. तशात नीलांबरीताईंचा फोन आला. सासूबाईंना घेऊन निघतेय, खालची खोली द्या.

भाऊ उठून उभेच ऱ्हायले. "ताई, खरंच जागा नाही. एकसुद्धा नाही. आईंना घेऊन निघू नका, सुट्टी सरू द्या, मी स्वतः फोन करतो."

तिकडनं काय आलं ते मला काउंटरपास्नं ऐकू आलं, कारन भाऊंना कमी ऐकू येतं म्हनून फोनचा आवाज मोठा असतो. "भाऊ, तुमचं ते घड्याळ मला आता पाठ झालंय. जागा नाही म्हणायचं आणि दर वाढवायचा. मी येतेय, समोरासमोर बघू."

फोन बंद. भाऊंनी परत लावला. परत लावला. ताई उचलेनात. मेसेज टाकला, त्यो वाचलेला दिसंना. दुसऱ्या लॉजना फोन लावले, कुठंच जागा न्हाई. दुपारभर भाऊ दारात जात, रस्त्याकडं बघत आन् परत येऊन बसत. मला म्हनले, "मुक्ताबाई, म्हातारीचं इंजेक्शन असतं ओ. इतक्या गर्दीत गाडी अडकली तर?"

तवा माझं तोंड सुटलं. मी म्हनले, "मग चाव्या काढताना हा इचार करायचा हुता." बोलले आन् जीभ चावली. भाऊंनी माझ्याकडं बघितलं सुद्धा न्हाई, नुसती मान हलवली, बरोबर हाय म्हनल्यासारखी.

दिवेलागनीला गाडी आली. रस्त्यात लई येळ अडकली हुती. म्हातारीला घाम फुटलेला, हात थरथरत हुते, डोळे मिटत हुते. इंजेक्शन घेतलेलं आन् वाटेत पोटात अन्न न्हाई, साखर उतरली हुती तिची. भाऊंनी पळत जाऊन चहा साखर घालून आनला, मी तिला धरून बसले. ताई सरळ काउंटरपाशी गेल्या आन् म्हनल्या, "खालची खोली उघडा."

भाऊंनी बोर्डाकडं हात केला. बोर्ड मोकळा. एक बी चावी न्हाई.

ताई बोर्डाकडं बघून हसल्या. वाईट हसल्या. "मागच्या वेळी खोल्या रिकाम्या आणि बोर्डावर एकच चावी होती. आताही उतरवून ठेवल्यात ना? ड्रॉवर उघडा."

भाऊंनी ड्रॉवर ओढून काउंटरवर पालथा घातला. पेनं, रबरबँड, पावत्यांचं पुस्तक. चावी एक बी न्हाई. ताईंच्या तोंडावरचं हसू गेलं. पन विश्वास बसल्यासारखं बी दिसंना. त्या जाऊन खालच्या खोलीचं दार वाजवून आल्या. आतनं परक्या मानसानं दार उघडलं, तवा कुठं त्या खाली बसल्या.

काउंटरमागं भाऊंची पाठ टेकायची खोपी हाय. मी धुतलेल्या चादरी आनून म्हातारीला तिथं निजवलं. चहानं तिला तरतरी आली, मग दोन घास खिचडी खाल्ली. भाऊ त्या राती घरी गेले न्हाईत, खुर्चीतच बसून ऱ्हायले.

सकाळी ताई निघाल्या तवा भाऊ म्हनले, "ताई, काल मी खरं सांगत होतो."

"हो," ताई म्हनल्या. "पण मला ते कळणार कसं होतं?"

त्याच दिवशी कल्याणशेठ आले तवा भाऊंनी मोटरसायकलची चावी हातात घेऊन सांगितलं, "एक तर ते घड्याळ आणि लपवलेले पैसे जातील, नाहीतर मी जातो." शेठनं भाऊंच्या तोंडाकडं बघितलं, मग पार्थला फोन लावला. पार्थ बुकिंग घटेल म्हनून कुरकुरला, आन् थोडं घटलं बी. पन घड्याळ गेलं, पूर्ण दर पहिल्याच पानावर आला, नाश्त्याची टिक गेली. भाऊंनी समद्या चाव्या हातानं पुसून बोर्डावर लावल्या. मला वाटलं झालं, समदं मिटलं.

परवा नीलांबरीताईंचा फोन आला. मला बरं वाटलं, परत आल्या म्हनून. त्यांनी विचारलं, जागा हाय का. भाऊंचा आवाज उजळला, "आहे, या की. खालची खोली तुमचीच."

ताई म्हनल्या, "भाऊ, राग मानू नका. बोर्डाचा फोटो पाठवता का?"

भाऊ उठले. बोर्डासमोर उभे ऱ्हायले, मोबाईल धरला, समद्या चाव्या मावाव्यात म्हनून एक पाऊल मागं सरले. फोटो काढला, पाठवला. आन् खुर्चीत बसून वाट बघत ऱ्हायले. लगेच मेसेज आला, त्यांनी चष्मा लावून वाचला आन् मोबाईल काउंटरवर ठेवून दिला.

मी वाकून वाचलं. ताईंनी लिहिलं हुतं, 'फोटो आजचाच आहे ना?'