गयाआजीचे तीन ढीग

माझी आजी कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी अंगठ्याने तिचं बूड चाचपायची. वांगं असो, नवा तांब्या असो, की मुलगी बघायला आलेला नवरदेव असो. मंगरूळपीरच्या शिवेवर आमचा भाजीपाल्याचा मळा. तिथे उपड्या क्रेटवर बसून ती पहाटे तोडलेल्या वांग्यांचे तीन ढीग करायची. एक बाजाराचा, एक घरचा, एक ढोरांचा. वांगं चमकत असलं तरी देठाखाली टाचणीएवढं भोक असतं आणि आत अळी सुखाने नांदत असते. आजी ते न बघता अंगठ्याने ओळखायची आणि मागे फेकायची. आम्ही नातवंडं फसलो की म्हणायची, "चमक काय पाह्यतं बे? भोक पाह्य, भोक!"

माणसांचेही तिने असेच तीन ढीग केलेले होते. मी कोणत्या ढिगात आहे हे विचारायची हिंमत मला कधी झाली नाही. मी शाळेत मराठी शिकवतो आणि गावातल्या सत्कारांचं सूत्रसंचालन करतो, म्हणजे ज्यांना मी ओळखत नाही त्यांच्याबद्दल माझा कंठ दाटून येतो. आजी एकदा माझा असा एक कार्यक्रम ऐकायला आली. परत येताना एवढंच म्हणाली, "मास्तर, तुह्या तोंडात पाक हाय. दात कायले ठेवले?"

आजी ऐंशीची झाल्याचं आधारकार्डाने ठरवलं. त्या कार्डावर तिचा जन्म एक जानेवारीचा आहे. आमच्याकडे तिच्या वयाचा अर्धा गाव एक जानेवारीलाच जन्मला. "मी तं हरभरा सोंगाच्या टायमाले झाली," म्हणजे हरभऱ्याच्या कापणीला, असं ती सांगत राहिली, पण पुण्याच्या काकांना सुट्टी एक जानेवारीलाच होती. ठरलं असं की सगळ्या नातेवाइकांनी आपापला संदेश पाठवायचा आणि सगळ्यांचा मिळून एक व्हिडिओ करायचा. चित्रं जोडायचं काम काकांच्या मनीषचं, संहिता लिहायचं माझं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच हात वर केला होता.

आजीने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "शोभी बोलन काय त्याच्यात?"

शोभाआत्या म्हणजे आजीची एकुलती लेक. वांग्याचा तोडा, म्हणजे तोडणी, अंगावर आला, हात कमी पडले, म्हणून आजीने तिला सातवीतून काढून मळ्यात उभं केलं. पोरगी वर्गात पहिली होती. लग्न होऊन धनजला जाताना आत्याने सांगितलं की आयुष्यात वांग्याच्या झाडाला हात लावणार नाही. आणि इतकी वर्षं लावला नाही. पण आजीला खरी लागली ती दुसरीच गोष्ट. त्या दिवसापासून आत्या तिला 'तुमी' म्हणायला लागली. आमच्या भागात मायला कुणी 'तुमी' म्हणत नाही. 'तुमी' परक्या बाईला, मास्तरणीला, फार तर विहिणीला. लग्नाकार्यात आत्या यायची, वाकून पाया पडायची, "तुमी जेवल्या काय?" विचारायची आणि आजीचा घास तोंडातच राहायचा.

हे सगळं मला ठाऊक होतं. पुढे मी जे केलं ते अज्ञानातून केलं असं म्हणायची सोयही नाही.

संदेश आले एकतीस. काय पण संदेश! पुण्याच्या काकांनी कुठून तरी आलेला मजकूर पुढे ढकलला होता. त्यात पाच ठिकाणी 'लीलाताई' नावाच्या कुणा पुण्यवान बाईंचा गौरव होता. नागपूरच्या एका भाच्याने दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या. एका भाचेसुनेचा आवाज मिक्सरमागे होता. एकाने तीन मिनिटं स्वतःच्या बढतीबद्दल सांगून शेवटी 'आजीचा आशीर्वाद' असं शेपूट जोडलं होतं. आणि एकोणीस जणांना आजीच्या हातचं भरीत आठवत होतं. एकोणीस! ऐंशी वर्षं जगलेल्या बाईतून या लोकांनी भरीत तेवढं शिल्लक ठेवलं.

मी वही घेऊन बसलो. रकाने आखले: नाव, नातं, संदेश लिहून आला की बोलून, आणि त्यात इतर कुणी न सांगितलेलं असं काय आहे. हा शेवटचा रकाना जवळजवळ रिकामा राहिला. मनीष म्हणाला होता की आठ मिनिटांच्या वर आजी बसणार नाही. मी घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहिलं. माझ्या अक्षरातलं एक पान सव्वा मिनिट खातं. म्हणजे साडेसहा पानं, आणि माणसं एकतीस. मग भरीत एकदाच घ्यायचं आणि एकोणीस नावं एका दमात म्हणायची. बाकीच्यांना क्रम लावायचा, आधी आजीची उमेदीची वर्षं, मग लेकरं, मग नातवंडं. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या वाक्याला जोडायला मध्ये माझं निवेदन. इथवर मी माणसासारखा वागलो.

मनीषने फोनवर बजावलं होतं, "दादा, सांधे तुझे असू दे, पण ज्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत ठेव. जमलं तर त्याच्याच आवाजात." हा पोरगा मला, मराठीच्या शिक्षकाला, शब्दांचं सांगणार! मी सगळ्यांची भाषा धुऊन, इस्त्री करून एकसारखी केली. एकतीस माणसं एकाच माणसासारखी बोलायला लागली आणि तो माणूस म्हणजे मी.

सगळ्यात शेवटी आत्याचा संदेश आला. बोललेला, अर्ध्या मिनिटाचा, मागे शेळ्या ओरडत होत्या. "माय, औंदा म्या परसात वांगे लावले. पन तुह्यावानी नाई आले. अळी पडून राह्यली. काय करू? सांगशीन तं सांग."

मी कपाळावर हात मारला. हा वाढदिवसाचा संदेश म्हणायचा की कृषी सल्ला केंद्राला केलेला फोन? मी अळी काढली, वांगी काढली, शेळ्या तर काढल्याच. मग सुबक अक्षरात लिहिलं, "आई, तुम्ही आम्हा लेकरांवर मायेची सावली धरलीत. तुमचे ऋण सात जन्मांतही फिटणार नाही." 'माय'ची आई केली आणि आदर दिसावा म्हणून 'तुह्या'चं 'तुम्ही' केलं. पुरुषांचे संदेश मी वाचले होते, बायकांचे माझ्या बायकोने; हेही तिच्याच गोड आवाजात ध्वनिमुद्रित केलं. लिहून झाल्यावर माझे मलाच डोळे पाणावले. अशा वेळी माणसाने स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावी.

एक जानेवारीला दुपारी ओसरीत टीव्ही मांडला. आजी आपल्या क्रेटवर, आम्ही सगळे मागे. आत्या आली नव्हती, तिच्याकडे तूर काढणं चालू होतं. व्हिडिओ सुरू झाला आणि आजीचा अंगठा मांडीवर हलायला लागला.

भरिताची एकोणीस नावं आली. "खादाड लेकाचे," आजी म्हणाली, पण हसली. ते घरच्या ढिगात. बढतीवाला आला. "ढोराले." मग काकांचा मजकूर. त्यातल्या लीलाताई मी चार ठिकाणी खोडून गयाबाई केल्या होत्या. पाचव्या ठिकाणी त्या जिवंत राहिल्या.

"हे लीला कोन होय बे?" आजीने मागे वळून काकांना विचारलं. "तुही दुसरी माय होय काय?"

ओसरी फुटेस्तोवर हसली. तेवढ्यात पडद्यावर आत्याचा फोटो आला आणि बायकोचा आवाज. आजीचा अंगठा थांबला. संपेपर्यंत ती हलली नाही.

"हे शोभी बोलली?"

"हो आजी."

"'तुमी'च म्हनली?"

"हो," मी म्हणालो. मला कौतुकाची अपेक्षा होती.

"बंद कर लेका ते." ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि मळ्यात चालती झाली. मी सगळ्यांकडे वळून हळूच म्हणालो, "भरून आलं तिला." बघा, किती नालायक असावं माणसाने!

मनीष मात्र माझ्याकडे बघत होता. "दादा, आत्या मुळात काय बोलली?" मी फोन काढून लावला. शेळ्यांसकट अर्धं मिनिट ओसरीत वाजलं. बायको एवढंच म्हणाली, "अहो, ती 'तुह्यावानी' म्हणतेय."

मी वांग्याच्या वाफ्यात धावलो. आजी पाठमोरी उभी होती. मी फोन तिच्या कानाला लावला. एकदा ऐकलं. "अखीन लाव." दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना तिने डोळे मिटले.

"तुह्यावानी म्हनली," ती म्हणाली. मग एकदम करवादली, "शेंडे नसतीन खुडले तिनं! लाव फोन."

पलीकडून आत्याचा आवाज आला तशी आजी सुरूच झाली. "सुकलेला शेंडा दिसला का तोडाचा अन् जाळाचा. धुऱ्या-बांधावर फेकाचा नाई. अळी तिथूनच परत येते. अन् किडकं फळ झाडावर ठेवाचं नाई, येडे." दहा मिनिटं दोघी फक्त अळीवर बोलल्या. शाळा नाही, तोडा नाही, माफी नाही. फोन ठेवताना पलीकडून "बरं माय, ठेवतं काय तू?" एवढं मला ऐकू आलं.

फोन माझ्या हातात देताना आजी म्हणाली, "मास्तर, इतक्या ढिगात एक चांगलं वांगं होतं. तेच ढोराले टाकलं तुनं."

संहिता मी पुन्हा लिहिली. माझी वाक्यं इतकीच उरली की हा कोण आणि आजीचा कोण. बाकी ज्याचं त्याच्या तोंडून, मिक्सरसकट. लीलाताई कायमच्या गेल्या. आठ मिनिटांचे चार झाले, शेवटी शेळ्या. आजीने तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते सांगता येणार नाही, कारण ती फक्त शेवटचं अर्धं मिनिट लावून घ्यायची.

दोन वर्षांनी, वांग्यांच्या तोड्यातच, आजी गेली. कुटुंबाच्या समूहावर लगेच फुलांची चित्रं आली, दिवे आले, काकांनी पुन्हा कुठून तरी आलेला मजकूर पुढे ढकलला. दहाव्याला चार शब्द बोल, असं सगळे मला म्हणाले. मी नाही म्हणालो.

आत्या धनजहून पिशवी घेऊन आली. परसातली वांगी होती, काळीभोर, चमकणारी. तिने ती आजीच्या फोटोपुढे मांडली. मी एक उचललं आणि सवयीने अंगठा देठाखाली गेला. भोक होतं.

"आत्या, हे किडकं आहे गं," मी म्हणालो आणि ते बाजूला ठेवायला लागलो.

"राहू दे तिथंच," ती म्हणाली. "म्या पाह्यलं हाय ते. मुद्दाम आनलं. काही तं बोलन माय."