बासष्ट-शून्य-सहाचं आयुष्य

लातूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. डुप्लिकेट मालाचा आळ कुणी घेतला की माझं डोकं फिरायचं. तसं ते कशानंही फिरायचं म्हणा.

भूकंपात घर आणि नवरा गमावलेल्या एक बाई जवळच पिठाची गिरणी चालवायच्या. क्लासेसचं पेव फुटलं, गल्लोगल्ली होस्टेलं झाली, तसं एका मोठ्या मेसचं दळण त्यांच्याकडं आलं. आणि त्याच वर्षात त्यांच्या मोटारीचं बेअरिंग दुसऱ्यांदा गेलं.

"भाऊ, आता गिरणी बंद पडली तर मेसवाला दुसरीकडं जाणार हाय. तुम्ही बसवलेलं बेअरिंग असलीच होतं ना?"

झालं! दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं. मी कॅटलॉग टेबलावर आपटला आणि हिशेबच मांडला. बासष्ट-शून्य-सहा नंबरच्या त्या बेअरिंगची क्षमता साधारण वीस किलोन्यूटन, पट्ट्याचा भार धरला दोन. भागाकार दहा, बेअरिंगच्या सूत्राप्रमाणं त्याचा घन हजार. तितके दशलक्ष, म्हणजे शंभर कोटी फेरे. मोटार मिनिटाला चौदाशे चाळीस फिरते, म्हणजे साडेअकरा हजार तास. रोज दहा तास गिरणी चालली तरी तीन वर्षं. शंभरातली नव्वद बेअरिंगं निदान एवढी टिकतात, दहा आधी जाऊ शकतात. एकदा गेलं तर नशीब म्हणावं, पण पाच-पाच महिन्यांत दोनदा?

"माल असलीच हाय," मी गरजलो. "तुमच्या गिरणीतच काहीतरी घोळ हाय. चला, दाखवतो."

गिरणीत गेलो आणि पट्टा अंगठ्यानं दाबला. हलेचना! ताण मोजायचा काटा लावून बघितला, तर ताण पाहिजे त्याच्या तिप्पट. भार तिप्पट झाला की आयुष्य सत्ताविसावा हिस्सा उरतं. तीन वर्षांचा हिशेब दीड महिन्यावर आला होता. त्यात पाच महिने काढले म्हणजे बेअरिंगनं उलट उपकारच केले होते.

"कुणी शहाण्यानं हा पट्टा एवढा आवळला हो?" माझा आवाज रस्त्यावर गेला असणार.

बाई पीठ झटकत शांतपणे म्हणाल्या, "म्या आवळला. गिरणी बसवली तवा तुम्हीच मोटार मागं ओढून पट्टा ताणून दाखवला होता, भाऊ. ठोकला की टणटणला पाहिजे, म्हणाला होतात. म्या रोज सकाळी ठोकून बघते."

मला एकदम आठवलं. म्हणालो होतो खरंच! हौसेनं, हुशारी दाखवायला. लई लाज वाटली.

नवं बेअरिंग बसवलं. पट्टा अंगठ्यानं थोडा दबेल इतका सैल केला आणि त्यांच्या अंगठ्यानं दाबून घेतला. मग तसाच मेसवाल्याकडं गेलो आणि सांगितलं, गिरणी दोनदा माझ्यामुळं बंद पडली, बाईंचं काम चोख हाय.

दुकानातला माझा आरडाओरडा त्याच्या कानावर आलेला होता. त्यानं विचारलं, "मग हे तुम्ही त्यांना दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. बाईंना दुकानात बोलवायला परत निघालो.