राजीनाम्यातली एक ओळ

मोबाइल गेम तपासायचं काम मी जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीतल्या आमच्या घरूनच करायचे. कंपनी पुण्याची. गेमची नवी आवृत्ती आली की ती वेगवेगळ्या फोनवर खेळायची, मधेच फोन आला तर गेम बंद पडतो का, नेट गेलं तर गुण टिकतात का, हे बघायचं आणि चूक नेमकी कशी घडली ते पायरीपायरीनं लिहून कळवायचं. ती दुरुस्त मात्र दुसरंच कोणी करायचं. बंद पडलेल्या गेमच्या नोंदी वाचता वाचता मला कोडची गोडी लागली. पहाटे उठून शिकले, दोन छोटे गेम स्वतः बनवले. त्यांच्या जोरावरच दुसऱ्या कंपनीनं मला ज्युनिअर डेव्हलपर म्हणून घेतलं.

नियुक्तीपत्र हातात आलं तेव्हा वडील त्यांच्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानात पाण्याची जळालेली मोटार भरत होते. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "पगार वाढला का?"

"न्हाई. तेवढाच हाय."

"मंग चालती नोकरी कामून सोडून राह्यली? वर चढली का खाली उतरली?"

"बाजूला सरकले, बाबा. आता चुका दाखवायच्या न्हाईत, दुरुस्त करायच्यात."

त्यांनी तारेचा आणखी एक वेढा घेतला. मग म्हणाले, "चुका तर तुझ्याबी होतील की."

"होतील ना."

"मंग बराबर हाय."

राजीनामा लिहायला बसले तर पानभर झाला. शेवटी एक ओळ लिहिली होती: 'डेव्हलपमेंटमध्ये जाण्याची माझी विनंती इथे दोनदा नाकारली गेली.' पाठवण्याआधी आमच्या टीमच्या लीड मॅडमना दाखवला. त्यांनी लगेच फोन केला.

"ही ओळ ठेवणार आहेस?"

"खोटी आहे का, मॅडम?"

"खरी आहे. दोन्ही वेळा तुझ्यासाठी मीच भांडले होते." त्या पुढे म्हणाल्या, "पण राजीनाम्यात एवढंच लागतं: पद सोडतेय, शेवटचा दिवस अमुक, काम नीट सोपवीन. बाकीचं जाताना एचआर विचारेल, तेव्हा तोंडानं स्पष्ट सांग. मीही सांगेन."

त्या भांडल्या होत्या, हे मला ठाऊकच नव्हतं. राग कुठल्या कुठे गेला. ओळ काढली, तिच्या जागी त्यांचे आभार लिहिले आणि पत्र पाठवून दिलं.

नोटिशीचा महिना शांतपणे गेला. माझ्या जागी आलेल्या मुलीला मी रोज व्हिडिओ कॉलवर काम समजावायचे. एचआरनं कारण विचारलं तेव्हा न अडखळता सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, पुढे काय केलं ते माहीत नाही.

कंपनीचे फोन परत पाठवायचे होते. आईनं एकेक फोन जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळला, मी खोका बांधला. जालन्याला कुरिअरच्या काउंटरवर तो वजनकाट्यावर ठेवला तेव्हा हात एकदम रिकामे वाटले. पावती घेतली, बाहेर येऊन उसाचा रस प्यायले आणि टेंभुर्णीची बस पकडली.