काळजी करू नका म्हणणारी बाई

माझा स्वभाव मुळात धीर देणाऱ्यांतला नाही. घरात कुणाला ताप आला की मी आधी ओरडते, मग थर्मामीटर शोधते. नवरा म्हणतो, तुझ्याकडून धीर घेण्यापेक्षा ताप बरा. आणि नेमकं माझ्याच वाट्याला काम आलं ते परक्या बायकांना मराठीत धीर देण्याचं.

शाळेतली नोकरी सोडल्यावर मी गोंदियात घरी बसून इंग्रजीतून मराठी अनुवाद करते. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या संस्थेने मला एक लांबलचक तक्ता पाठवला. आमच्या भागात सिकलसेलचा आजार बराच आढळतो. बाळ जन्मलं की त्याच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर छापलेल्या गोलांत घेतात, तो कागद तपासणीला जातो. त्यानंतर आईच्या मोबाइलवर आपोआप फोन जाणार होता : तारीख अमुक, दवाखाना तमुक, निकाल मिळाला की नाही. या फोनांमधली वाक्यं मला मराठीत करायची होती आणि माझ्याच आवाजात रेकॉर्डही करायची होती, कारण त्यांच्या मते माझा आवाज 'आश्वासक' होता. नवरा हे ऐकून बराच वेळ हसला.

तक्त्यात प्रत्येक ओळीत एक वाक्य. आधी, नंतर काय येणार ते कुठेच लिहिलेलं नाही. वाक्याचे तुकडे एकदाच रेकॉर्ड करायचे आणि मशीन ते हवे तसे जोडणार. धीर देणाऱ्या ओळी तर अगदी सुट्या होत्या. इंग्रजीत त्यांचं बरं असतं, 'डोन्ट वरी' ही एकच शब्दजोडी फुटलेल्या कपबशीलाही चालते आणि चुकलेल्या गाडीलाही. मराठीत मला आधी कळायला हवं की कुणाचं काय बिघडलंय. तारीख चुकली असेल तर 'काही हरकत नाही' हे पत्रातलं वाटतं, त्यापेक्षा 'असू द्या, पुढच्या सोमवारी या' बरं. चुकीचं बटण दाबलं असेल तर 'चालते जी, पुन्हा दाबा'. गोंदिया शहरात तर लोक सरळ 'टेंशन मत लो' म्हणून मोकळे होतात. मी संस्थेत फोन करून विचारलं, हे वाक्य कशाच्या पुढे येणार? पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, कशाच्याही पुढे. जनरल ठेवा ना."

मी जनरल ठेवलं. 'काळजी करू नका.' शुद्ध, नम्र, कुणी बोट ठेवू नये असं. तीनदा रेकॉर्ड केलं, त्यातलं सगळ्यात मऊ निवडलं आणि वर स्वतःवर खूशही झाले.

हिवाळ्यात एका सकाळी सौंदडजवळच्या एका गावातून आशाताईचा, म्हणजे तिथल्या आरोग्य कार्यकर्तीचा, फोन आला. ती माझी जुनी विद्यार्थिनी. फोनातला आवाज तिने पहिल्याच दिवशी ओळखला होता.

"मॅडम, एक बाई लेकरू घेऊन येऊन नाही राहिली दवाखान्यात. कागदावर रक्त कमी पडलं म्हणून पुन्हा बोलावलं तिले. तुमचा फोन गेला, तवापासून तिनं मोबाइलच बंद करून ठेवला. मी घरी गेलो तर दार लावून घेते."

"माझ्या फोनात असं काय आहे?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"मले का माहीत? तुम्हीच या."

बाळ सव्वा महिन्याचं होतं. आजार असला तर दोन-तीन महिन्यांच्या आत रोजचं औषध सुरू करायचं असतं, नाही तर साधा जंतूही अशा बाळाला भारी पडतो. बाळाची आई स्वतः वाहक, म्हणजे आजार नसला तरी त्याचा अंश रक्तात असलेली, हे गरोदरपणातच कळलं होतं. नवराही वाहक असला तर बाळाला आजार असू शकत होता, पण तो कामासाठी हैदराबादला, त्याची तपासणी राहूनच गेली होती. म्हणजे ते थेंब पुन्हा देणं ही साधी गोष्ट नव्हती. आणि ती थांबली होती माझ्या आवाजामुळे.

दोन दिवस मला चैन पडलं नाही. मी तो फोन स्वतःच्या मोबाइलवर लावून पुन्हा पुन्हा ऐकला. 'तुमच्या बाळाच्या रक्ताची तपासणी पुन्हा करावी लागेल. काळजी करू नका. कागदावर रक्त कमी पडल्यामुळे...' वाक्यात चूक सापडेना. भाजी करपली, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, नवऱ्यावर विनाकारण खेकसले. तिसऱ्या दिवशी बल्लारशाच्या पॅसेंजरमध्ये बसले.

खिडकीबाहेर धान कापलेल्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक हिरवं झालं होतं, तलावांत पाणी होतं, आणि मी मनातल्या मनात तालमी करत होते. घाबरू नको. चिंता नको करू. काही होत नाही. प्रत्येक वाक्य तोंडात खोटं वाटत होतं.

आशाताईने मला घरी नेलं. अंगणात सासू सुपात धान पाखडत होती. बाळाची आई ओट्यावर होती, वीस-बावीस वर्षांची, बाळ पदराखाली. मी म्हटलं, "नमस्कार. काळजी करू नका, मी फक्त..."

ती उठून आत गेली. मी पुढचं बोलायच्या आधीच दाराची कडी लागली.

सासू सूप खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. "तुमीच काय त्या फोनातल्या बाई?" मी मान हलवली. "मंग कायले आल्या जी? तुमी बोलल्या तेवाच समजलं आमाले. आमच्या दिराले गोंदियात असंच म्हणलं होतं. काळजी करू नका, नागपूरले न्या. नेला. तसाच वापस आणला."

मी ओट्याच्या कडेला बसले. मलाही ते माहीत होतं. माझे वडील देवरीचे. त्यांना गोंदियाला आणलं तेव्हा डॉक्टरांनी आईच्या खांद्यावर हात ठेवून अगदी याच शब्दांत सांगितलं होतं, आणि बाहेर नागपूरची गाडी उभी होती. डॉक्टर भले माणूस होते, त्यांचं काही चुकलं नाही. पण आमच्या खेड्यांत एरवी हे वाक्य कोण कुणाला म्हणतं? पोरगा झाडावरून पडला तर म्हणतात, "ऊठ, काऊन रडून राहिला." बैल हरवला तर म्हणतात, "चाल, पाहू." 'काळजी करू नका' हे शहरी, मऊ मराठी आमच्याकडे फक्त दवाखान्यात ऐकू येतं, तेही जेव्हा आता काही खरं नाही तेव्हाच. गाडीत बसताना वडील आईला म्हणाले होते, "समजलं मले." ते परत आले नाहीत. हे सगळं माझ्या पोटात इतकी वर्षं होतं, आणि तरी मी खुर्चीत बसून तेच वाक्य लिहिलं, तीनदा रेकॉर्ड केलं, सगळ्यात मऊ निवडलं. मला स्वतःची चीड आली, अगदी थोबाडीत मारून घ्यावी इतकी.

आता उमगलं, त्या बाईने फोन त्या वाक्यावरच कापला असणार. कागदावर रक्त कमी पडलं, हे त्याच्या पुढे होतं. ते तिने ऐकलंच नव्हतं.

मी दाराशी गेले. तालमीतली सगळी वाक्यं सोडली. वडिलांशी बोलायचे त्या बोलीत म्हटलं, "ऐक ओ माय. कागदावर रक्त कमी पडलं. गोल भरला नाही. तपासलंच नाही अजून. चांगलं का वाईट, ते कोणालेच माहीत नाही, मलेही नाही."

आतून आवाज आला, "तपासलंच नाही?"

"नाही. थेंब कमी होते."

"मंग तसं काऊन नाही सांगितलं जी पहिले?"

मी म्हटलं, "माझं चुकलं."

कडी निघाली. ती दारात उभी राहिली, रडून डोळे सुजलेले, आणि माझ्याकडे रागाने बघत होती. त्या रागाने मला बरं वाटलं. सासूने आतून पितळी गिलासात पाणी आणलं आणि बाळाला टोपडं घालायला घेतलं. त्याच दुपारी आम्ही चौघी आशाताईसोबत दवाखान्यात गेलो, चौथी म्हणजे ते बाळ, मुलगीच होती. टाचेला टोचलं तेव्हा तिने सगळी ओसरी डोक्यावर घेतली. नर्सने या वेळी सगळे गोल भरेपर्यंत तिचा पाय सोडला नाही.

गोंदियात परतल्यावर मी संस्थेतल्या मुलीला सांगितलं, कारण आधी, बाकी सगळं नंतर. आणि 'काळजी करू नका' हे वाक्य काढून टाका. ती म्हणाली, "मॅडम, पण मग रकाना रिकामा दिसेल." मी म्हटलं, दिसू दे. त्यावर आमची बरीच लढाई झाली. शेवटी तिने माझं ऐकलं की माझ्या आवाजाला घाबरली, माहीत नाही. आता त्या फोनात पहिलं वाक्य आहे, 'कागदावर रक्त कमी पडलं, म्हणून तपासणी झालीच नाही.' मग दिवस, मग दवाखाना. धीर असा कुठेच नाही.

निकालाची वाट बघण्याचे दिवस मी कसे काढले ते नवऱ्याला विचारावं. मोबाइल वाजला की मी हातातलं टाकून धावायची. निकाल मशीन सांगत नाही, तो दवाखान्यात समोर बसवून सांगतात, एवढं बरं होतं. एका सकाळी अनोळखी नंबर आला.

"फोनातल्या बाई का?"

"हो."

"निघाला जी. आजार निघाला. माझ्यासारखी नाही, पूरा आजार. मालकालेही तपासलं, तेही वाहक हायेत." ती रडत नव्हती. दवाखान्याच्या बाहेरूनच बोलत असावी, मागे मोटारसायकलींचा आवाज होता. "डॉक्टर म्हणे औषध रोज द्या, ताप आला की तवाच आणा. बाई, तुमी खरं सांगता म्हणून विचारतो. काळजी करू का नोको?"

तक्त्यातली सगळी वाक्यं डोळ्यांपुढून गेली, मऊ, नम्र, जनरल. एकही उपयोगाचं नव्हतं. बाहेर भाजीवाला ओरडत होता आणि मला त्याच्यावर धावून जावंसं वाटत होतं.

"कर," मी म्हटलं. "पण सगळी नोको करू. औषधाची कर, एक दिवस चुकवू नोको. अंग गरम लागलं तर त्याची कर, घरी थांबू नोको. तेवढी तुह्या वाट्याची. बाकीची मी करीन, नाही तरी मले दुसरं काही येत नाही. सोमवारी मी येऊन राहिली तुह्या घरी."

मी कानाला मोबाइल घट्ट लावून वाट पाहत राहिले, फोन आता कापला जाईल, आता कापला जाईल. श्वास ऐकू येत होता. मग बाळ कुरकुरलं, तिने त्याला थोपटलं आणि म्हणाली, "बरं जी. अजून काही सांगायचं राहिलं का?"