अडतीस नंबरच्या मागचा माणूस

उल्का गद्रेंना मोजायची खोड होती. बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी एकतीस वर्षं रक्तातल्या पेशी मोजल्या. चौकटी आखलेली काचेची पट्टी, त्यातल्या ठरावीक चौकटींतल्या पेशी मोजायच्या आणि त्यावरून सगळ्या रक्ताचा अंदाज बांधायचा. मग मशिन्स आली, पण बाईंची खोड गेली नाही. यजमान हयात असताना थट्टेने म्हणत, "ही माझ्या घोरण्याचाही रिपोर्ट काढेल." ते गेले, नोकरीही संपली, आणि मोजायला काहीच उरलं नाही. अशात २०२१च्या मे महिन्यात जनगणनेच्या पडताळणीचं काम चालून आलं. बाईंनी ते हसत घेतलं. कुणी शिक्षा म्हणून दिलं असतं तरी घेतलं असतं.

काम असं होतं. मार्चमध्ये जनगणना झाली, तेव्हा सरकारकडे असलेल्या पत्त्यांच्या यादीवरून घरोघर पत्रं गेली. ज्या घराचा पत्ताच यादीत नाही त्याला पत्र नाही, आणि घराने फॉर्म भरला की तिथे पुन्हा कुणी फिरकणार नाही. मग राहून गेलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी ही पडताळणी. शहरातले थोडे पोस्टकोड निवडायचे. तिथे हातात यादी न घेता जायचं, आपल्या डोळ्यांनी दिसेल तो प्रत्येक दरवाजा नोंदवायचा आणि एकवीस मार्चला तिथे कोण राहत होतं ते विचारायचं. ही नावं जनगणनेशी ताडून पाहिली की किती माणसं निसटली ते कळतं, आणि त्यावरून सगळ्या शहराचा आकडा दुरुस्त होतो. बाईंना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांची जुनी चौकटींची पट्टीच होती ती.

अडतीस नंबरच्या मालकिणीने दारातूनच सांगितलं, "पाच माणसं. फॉर्म कधीच भरलाय. मागे नुसती शेड आहे, सामानाची."

बाजूने शेडची खिडकी दिसत होती, तिला पडदे होते. सामानाला पडदे कशाला लागतात, असं बाईंच्या मनात आलं. बाजूच्या बोळातून त्या मागे गेल्या. घरापासून शेडपर्यंत विजेची वायर लोंबत होती. दोरीवर आचाऱ्याची चौकडीची पँट वाळत होती. त्यांनी दार वाजवलं, पण आत कुणी नव्हतं.

कुणी भेटलं नाही तर कार्ड ठेवायचा नियम होता. बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, '३८ च्या मागील घरातील रहिवाशांस, उद्या सकाळी पुन्हा येते.' शेडला पत्रपेटी नव्हती. पावसाची भुरभुर होती, कार्ड भिजलं असतं. म्हणून बाईंनी ते पुढच्या घराच्या पत्रपेटीत टाकलं. नीटनेटकेपणाचा हा सोस त्यांना आयुष्यभर पुरला होता, आणि त्याने कुणाचं वाईट झाल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. साठीच्या आतबाहेरचा, बारीक अंगाचा माणूस. बाईंच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचून तो मराठीतच म्हणाला, "गद्रे? आपल्याकडच्या तुम्ही? आजच आलात ते बरं झालं."

कोविडमुळे आत जायला बंदी होती. त्याने खुर्ची बाहेर आणून ठेवली, चहाचा कप कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि सहा फूट मागे सरकून उभा राहिला. दार उघडंच होतं. आत एक पलंग, एक हीटर आणि भिंतीला ओल.

"नाव नका लिहू, ताई," तो म्हणाला. "पंधरा वर्षं झाली. हॉटेलवाल्याने स्वयंपाकाला आणलं, व्हिसा संपला, हॉटेल बंद पडलं. माझं नाव कुठेच नाही, तेच बरं आहे."

"अहो, हे कौन्सिलला जात नाही, व्हिसा बघणाऱ्या होम ऑफिसलाही जात नाही. मी बाहेर बोलले तर मला शिक्षा होईल. जनगणनेतली नावं शंभर वर्षं बंद असतात. शंभर वर्षांनी उघडतात."

त्याने विचारलं, "म्हणजे शंभर वर्षांनी कुणी शोधलं, तर मी सापडेन?"

"सापडाल की."

"माझी तनू, मुलगी. तिच्या आईच्या शेवटच्या वेळी मी गेलो नाही, तेव्हापासून ती बोलत नाही. गेलो असतो तर परत येता आलं नसतं, आणि पैसे कुणी पाठवले असते? तिला हे सांगायचं राहिलं. तिची नातवंडं शोधतील कदाचित. लिहा. दीनानाथ पांडुरंग मेस्त्री, सावंतवाडी. पांडुरंग विसरू नका."

बाईंनी जन्मतारखेसकट सगळं लिहिलं. शब्दन् शब्द त्याला वाचून दाखवला. कित्येक दिवसांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी हे सुपरवायझर नीलला फोनवर सांगितलं. नील इथेच जन्मलेला, मराठी मंडळातल्या ओळखीच्यांचा मुलगा.

"ग्रेट फाइंड, मावशी! पण तो शंभर वर्षंवाला सेन्ससचा आहे. आपला सर्व्हे वेगळा. त्याचा नाव फक्त मॅचिंगसाठी. टोटलमध्ये तो येईल, बट नॉट बाय नेम."

"म्हणजे नाव राहणार नाही?"

"सेन्ससमध्ये नाही जाणार. जे मिस झाले त्यांच्यासाठी कॉम्प्युटर रेकॉर्ड बनवतो. दुसऱ्या कोणाच्या डिटेल्सवरून."

बाईंनी फोन ठेवला. चुकून का होईना, आपण त्या माणसाला फसवलं. खरं काय ते त्याला तोंडावर सांगायचं आणि माफी मागायची, असं ठरवून त्या सकाळी पहिल्या बसने निघाल्या.

वायर कापलेली होती. पलंग बागेत उभा करून ठेवला होता. मालकीण कचऱ्याच्या पिशव्या बांधत होती.

"इथे कुणी राहत नव्हतं," ती म्हणाली. मग आवाज चढला. "तुम्हीच लिहून दिलंत ना, 'मागील घर'? माझ्या पेटीत टाकलंत ना? सरकारी कागद आल्यावर मी काय करणार? त्याच रात्री त्याला सांगितलं, दोन दिवसांत खाली कर."

त्याच रात्री. म्हणजे बाई त्या खुर्चीवर बसून पेन सरसावत होत्या, तेव्हा त्याला हे ठाऊक होतं. तरी त्याने चहा केला. कार्ड कुणी टाकलं तेही त्याला कळलेलं असणार, आणि त्याने एक शब्द काढला नव्हता. बाई तिथेच बोळात भिंतीला टेकून रडल्या. यजमान गेले तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या.

नोंद बदलायचा प्रश्नच नव्हता. एकवीस मार्चला तो तिथे राहत होता, एवढंच नोंदीला पुरे होतं. शेड रिकामी झाली तरी नोंद बरोबर होती.

पुढे वर्षभर बाई देवळाच्या भोजनाला, गुरुद्वाराच्या लंगरला जात राहिल्या, चेहरे बघत. 'दीनानाथ मेस्त्री आलेत का हो?' असं विचारायची सोय नव्हती. गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली होती. एकदा सावंतवाडीतल्या ओळखीच्यांना फोन लावून तनूचा ठावठिकाणा विचारावा म्हणून त्यांनी नंबर फिरवला आणि पहिल्या घंटेलाच ठेवून दिला. मी बाहेर बोलले तर मला शिक्षा होईल, हे त्यांनीच त्याला सांगितलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवून त्याने नाव दिलं होतं.

२०२२च्या जूनमध्ये आकडे आले. नीलने कौतुकाने फोन केला. "मावशी, साइटवर आहे बघा! त्यात तुमचा शेडवाला पण आहे."

बाईंनी चष्मा लावून बर्मिंगहॅमची लोकसंख्या पाहिली. शेवटी दोन शून्यं होती.

"ही शून्यं कसली रे?"

"राउंड केलंय, मावशी. निअरेस्ट हंड्रेड."

बाईंनी फोन ठेवला. मग दार लावून घेतलं आणि रिकाम्या स्वयंपाकघरात, कुणी ऐकणार नाही अशा बेताने, त्या म्हणाल्या, "दीनानाथ पांडुरंग मेस्त्री, सावंतवाडी."