सुगंधाबाईचा काळा बदाम

चिमूरकडून आमच्या गावाकडे येताना बराच वेळ दोन्ही अंगाला जंगल असतं, आणि जंगल संपलं की पहिलं घर लागतं सुगंधाबाईचं. त्यामुळे गावात जे काही यायचं, पाव्हणा म्हणा, रानडुक्कर म्हणा, ते आधी तिच्या अंगणातून जातं. पाव्हण्याला चहा मिळतो, डुकराला शिव्या. कधीकधी उलटही होतं, पण ते पाव्हण्यावर अवलंबून.

नवरा गेल्यावर धानाची शेती तिनं एकटीनं सांभाळली. एकुलता मुलगा आदेश कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात लागला आणि जाताना आईच्या हातात मोठ्या काचेचा फोन देऊन गेला. शेजारच्या नागसेनभाऊंच्या रिनानं तिला तो चालवायला शिकवला. निरोपासोबत धाडतात त्या छोट्या चित्राचा ‘हार्ट’ हा शब्द बाईच्या तोंडात कधी बसला नाही. पत्त्यांच्या डावात असतो तो बदाम, म्हणून हाही बदाम.

बदामांचं खरं शिक्षण सुरू झालं ते वाघामुळे. वनरक्षक इसरूनं गावाच्या ग्रुपवर टाकलं की तलावाच्या पाळीवर वाघ दिसला, सरपणाला कोणी जाऊ नये. बाईला भरून आलं. तिनं त्याच्या खाजगी नंबरावर एक लाल बदाम धाडला. दुसऱ्या दिवशी रिना धावत आली.

“काकू, इसरूभाऊले लाल बदाम तुमी पाठवला?”

“पाठवला ना. बिचारा रानात फिरते, आपल्याले सांगते वाघ कुठी हाये. मायेनं पाठवला.”

“अवो, लाल असा कोणालेबी नाई पाठवत. अन् एकटा पाठवला त मोठा होऊन धडधडते तो! फोन त्याच्या बायकोच्या हातात होता.”

“मंग? तिचं काय म्हनणं?”

“तिचं म्हनणं, वाघ बरा.”

त्या दुपारी रिनानं ओसरीवर बसून बाईला सगळे रंग समजावले. लाल घरच्यांना. नवऱ्यानं बायकोला पाठवला तर प्रेम, पोरानं आईला पाठवला तर माया. बदाम तोच, माणूस पाहून अर्थ बदलतो. गुलाबी म्हणजे अजून नवं नवं असतं तेव्हाचा. पिवळा मैत्रिणीचा, त्यात धोका नाही. नारिंगी जरा जपून. “एखाद्या पोराले सांगाचं असन का तू चांगला हायेस पन तेवढाच, त नारिंगी. आमच्या वर्गात दोघाईले भेटला. दोघंबी जेवले नाई.” जांभळा कोरियन गाणेवाल्या पोरांच्या मागे लागलेल्या मुलींचा. हिरवा शेताला, झाडाला. पांढरा कोणी गेलं तर, श्रद्धांजलीच्या फोटोखाली.

“अन् निळा?”

“निळा आमचा, जयभीमचा. चौदा एप्रिलले आमच्या घरातले फोन पाहा, दुसरा रंगच नाई. बाहेरचे पोरं दोस्तीतबी निळा टाकतात. पन आमच्या बाबानं टाकला त समजाचं, जयभीम.”

इतक्यात नागसेनभाऊंनी हाक मारली आणि रिना उठून गेली. पुढं ती नर्सिंगच्या शिक्षणाला नागपूरला गेली. काळ्या बदामाची गोष्ट तेवढी राहून गेली. तो एक रंग बाई स्वतःच्या अकलेनं शिकली.

मग घरात सून आली, करिष्मा. भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेली, बोलायला गोड, आणि बदामांच्या बाबतीत हिशेबाची पक्की. लग्न ठरल्यावर आदेशनं एकदा घाईत तिला लालऐवजी पिवळा बदाम पाठवला, तर तिनं दिवसभर फोन उचलला नाही. संध्याकाळी एवढंच विचारलं, “मी दोस्त आहे का तुमची?” आदेशनं त्यानंतर फोनमध्ये लाल बदाम असा पुढं आणून ठेवला, की सुपरवायझरला ‘ड्युटीवर येतो’ कळवतानाही बोट तिकडेच जायचं.

करिष्माला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा घरच्या ग्रुपवर तिचा फोटो आला. हातात कैरी, तोंडावर हसू. लाल बदामांची रांग लागली. तिच्या मैत्रिणींनी निळ्या डोळ्याचा मणी टाकला, नजर लागू नये म्हणून. बाईनं तो डोळा पाहिला आणि फोन पालथा ठेवला. नजरेपासून वाचवायचं आणि डोळाच आणून ठेवायचा? तोही टक्क उघडा?

आपल्याकडं लेकरू नटवलं की गालावर काजळाचा ठिपका लावतात. तीट. रूपात एवढा एक डाग ठेवला की पाहणाऱ्याची नजर तिथं अडते आणि लेकरू सुटतं. सुगंधाबाईच्या माहेरची रीत अशी, की तीट लावताना बोलायचं नाही आणि कशासाठी लावली ते कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की उतरते. बाईनं सुनेचा फोटो दाबून धरला, अधिकच्या खुणेवर बोट ठेवलं, सगळे बदाम धुंडाळले आणि त्यातला काळा उचलला. लालभडक रांगेत एक काळा ठिपका. तिला फार बरं वाटलं.

पंधरा दिवसांत पोट रिकामं झालं.

ग्रुपवर पांढरे बदाम आले. बाईनं देवासमोर डोकं ठेवलं आणि स्वतःलाच दोष दिला, की मी तीट लावायला उशीर केला.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा उशीर करायचा नाही असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. करिष्माचा फोटो आला रे आला, की खाली काळा बदाम. डॉक्टरकडं जाताना, काळा. सातव्या महिन्यात हिरव्या साडीत ओटी भरली, तेव्हा मांडलेल्या ताटावरही काळा.

या बाजूला तीट लागत होती आणि त्या बाजूला करिष्मा मोजत होती. तिच्या हिशेबात काळा बदाम म्हणजे दुखवटा. मैत्रिणी आपसात थट्टेत टाकतात, ‘आम्ही दुष्ट आहोत’ अशा अर्थानं, ती गोष्ट वेगळी. पण सासू थट्टा करीत नव्हती. एका दुपारी माहेरी पडल्या पडल्या तिनं ग्रुप मागं मागं सरकवत नेला, कैरीच्या फोटोपर्यंत. सगळ्या लाल बदामांत एक काळा. बोट ठेवलं, नाव उघडलं: आई. तारीख पाहिली. लेकरू तेव्हा पोटात होतं.

ती उठून बसली ती दिवेलागणीपर्यंत तशीच बसून राहिली.

आदेशचा आईला फोन आला. “माय, ग्रुपवर काळा बदाम टाकत नको जाऊ.”

“काऊन रे?”

“नको टाकू म्हनलं ना. करिष्मा घाबरते.”

“मी काई वाईट...”

“अन् फोटोबी मागू नको आता.” जरा थांबून तो म्हणाला, “बारशाचं नंतर पाहू. तू इतक्यात भद्रावतीले येऊ नको.”

पोरगा भला, पण दोन बायकांच्या मधे उभं राहायचं म्हटलं की तो सिमेंटच्या पोत्यासारखा व्हायचा. हलवला तर हलायचा, स्वतःहून बोलायचा नाही. आणि बाईला तर सांगायची सोयच नव्हती. सांगितलं की तीट उतरणार. न सांगितलं तर नातवंड दिसणार नाही. तिनं तोंड मिटलं.

त्या दिवसापासून काळा बदाम बंद झाला. फोटोही बंद झाले. बाई अंगणात बसून ग्रुप उघडायची. त्यात कोणाकोणाच्या शुभ सकाळी, गुलाबाची फुलं, बस. मी एकदा तिच्या अंगणावरून जाताना विचारलं, “काय पाहून राह्यली बाई?”

“काई नाई. लेकरू उघडं हाये.”

मला वाटलं उन्हात बसून डोकं तापलं असेल. “कोणाचं लेकरू?” म्हटलं, तर ती आत निघून गेली. त्या आठवड्यात इसरूनं पुन्हा वाघाची खबर टाकली, की माग आता गावाच्या अंगाला दिसतो. बाईनं ती वाचलीसुद्धा नाही. दार उघडं टाकून ओसरीवर फोन धरून बसायची.

आठवा महिना लागला आणि करिष्माला भद्रावतीहून चंद्रपूरला न्यावं लागलं. मुलगी झाली. पुऱ्या दिवसांची नव्हती, म्हणून काचेच्या पेटीत ठेवली. ग्रुपवर आदेशनं दोन ओळी टाकल्या. खाली नमस्काराचे हात आले. बदाम टाकायचा धीर कोणालाच झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बाईचा फोन वाजला. आदेशचा नव्हता, सुनेचा होता.

“आई.” आवाज पार बसलेला. “एक विचारू? खरं सांगा.”

“विचार न, बाई.”

“पहिल्या बाळाच्या फोटोवर तुम्ही काळा का टाकला होता? नको होतं का तुम्हाले ते?”

बाई खांबाला टेकली. आयुष्यभर पाळलेली रीत आणि फोनवरचा तो आवाज, दोन्ही एकदम सांभाळणं जमणारं नव्हतं. रीत सोडली.

“तीट व्हती ती, पोरी.”

“काय?”

“काजळाची तीट. तुमच्या त्या बदामाईत दुसरं काळं मले कुठी भेटलं नाई. तुह्या साऱ्या फोटोले लावली मी. बोलाचं नसते म्हून बोलली नाई.”

पलीकडं करिष्माच्या मागं कोणतं तरी यंत्र टुक टुक करीत होतं.

मग करिष्मानं अगदी हळू विचारलं, “मग मागचा महिनाभर नाही लावली?”

“नाई. तुमी नको म्हनलं ना.”

इतके दिवस एकीला वाटत होतं की काळ्या बदामानं घात केला. दुसरीला वाटत होतं की तो बंद केल्यानं होईल. आणि काचेच्या पेटीतल्या मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

“माह्यामुळं झालं का, आई?” करिष्मा म्हणाली.

“येडी का खुळी? लेकरू घाईचं असन. तुह्या नवऱ्याची आजी अशीच घाईची व्हती. सातव्यात आली अन् नव्वद वर्सं भांडली.”

करिष्मा हसली की रडली ते बाईला कळलं नाही. “इथं काजळ लावू देत नाहीत,” ती म्हणाली. “आत मीच जाते, तेही हात धुऊन. मी फोटो पाठवते. लावा.”

“ग्रुपवर का तुह्यावाल्या नंबरावर?”

“ग्रुपवर. आणि बॅग भरा. दुपारच्या बसनं या.”

फोटो आला. मूठभर जीव, हाताला पट्टी, पट्टीतून नळी. बाईच्या बोटाला पहिल्यांदा भलताच बदाम लागला, तुटलेला. तो घाईनं काढला आणि काळा ठेवला. लगेच करिष्माच्या मावशीनं लिहिलं, “अशा वेळी काळं कोण टाकतं?” खाली करिष्माचं उत्तर आलं, “माझ्या सासूनं तीट लावली आहे. राहू द्या.”

दुपारी बाईला मी बस थांब्यावर सोडायला गेलो. पिशवीत धुतलेली जुनी लुगडी, लेकराला गुंडाळायला. ती सारखी ग्रुप उघडत होती.

“काय म्हनतात डाक्टर?” मी विचारलं.

“पाहून राह्यले म्हनतात.”

बस आली. बाई खिडकीशी बसली, फोन मांडीवर, आणि बस जंगलात शिरली. पुढं रेंज जाते. चिमूर येईपर्यंत तिला काही कळणार नव्हतं.